गरम पाण्यातून जास्तीत जास्त काम किती? माझं उत्तर जवळपास दुप्पट येतंय

अश्विनी_क
मदत हवी आहे, उद्या सबमिशन आहे. २०० लिटर पाणी ८७ अंशांवर आहे. त्यातून जास्तीत जास्त किती काम मिळेल? मी कार्नोची कार्यक्षमता लावली, १४ युनिट उष्णतेच्या १६.७ टक्के, म्हणजे २.३३ युनिट. सरांचं उत्तर १.२४ आहे. चार वेळा करून पाहिलं, काय चुकतंय?

घाटमाथा
बाहेरचं तापमान किती? आणि पाणी सतत तापवताय की एकदा तापवून सोडून दिलंय? सगळा फरक तिथेच आहे.

अश्विनी_क
बाहेर २७. तापवणं बंद, नुसती टाकी.

विनू७२
बाकीची ऊर्जा घर्षणात जाते. यंत्र निर्दोष असेल तर १४ च्या १४ युनिट मिळायला हवीत.

घाटमाथा
नाही विनूदादा, १.२४ हे निर्दोष यंत्राचंच उत्तर आहे. अश्विनी, १६.७ टक्के फक्त सुरुवातीला मिळतात. उष्णता काढली की पाणी निवतं. ६७ अंशांवर जेमतेम १२ टक्के उरतात, ४७ वर सहा, २७ वर शून्य. या उतरणीची बेरीज करायची:

```
W = C[(T1 − T0) − T0 ln(T1/T0)]
C = 840 kJ/K, T1 = 360 K, T0 = 300 K
W = 840 × (60 − 54.697) ≈ 4455 kJ ≈ 1.24 युनिट
```

मंदाताई
आमच्या सोलरच्या टाकीला जाड पफ आहे, सकाळी सहालाही पाणी कढत असतं. आवरण चांगलं घ्या.

विनू७२
मग १२.७६ युनिट गेली कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही ना?

घाटमाथा
हवेत गेली, आणि ती द्यावीच लागते. पाणी निवताना त्याची एन्ट्रॉपी १५३ kJ/K ने कमी होते. कामातून एन्ट्रॉपी बाहेर जात नाही, म्हणून निदान तेवढी तरी हवेत टाकावी लागते. ३०० केल्विनच्या हवेत ती टाकायची तर १५३ गुणिले ३०० इतकी उष्णता सोबत जाते. तीच तुमची १२.७६ युनिट. ती हवेत शाबूत आहे, पण तिला वाहून जायला आणखी थंड जागा नाही.

छतावरचा
हे मी हाताने अनुभवलंय. गरम टाकीला थर्मोइलेक्ट्रिक पट्टी चिकटवून एलईडी लावला होता. दहा मिनिटांत दिवा मंदावला. टाकी तशीच गरम होती, पण पट्टीच्या मागच्या धातूच्या पात्या हात लावता येऊ नये इतक्या तापल्या होत्या. ओलं फडकं टाकताच दिवा पुन्हा उजळला.

अश्विनी_क
आलं १.२४! पण थंडीत बाहेर १७ अंश असेल तर?

घाटमाथा
१.७०. तेच पाणी, तेच ८७ अंश.

विनू७२
म्हणजे हे काम पाण्यात नाहीच, पाणी आणि हवा यांच्या जोडीत आहे? मग निव्वळ टाकीची ‘उपलब्ध ऊर्जा’ सांगायला काही अर्थ उरतो का?