किटो पोई आणि लेबलवरचे 'नेट कार्ब'

> 'पणजीत पाकीटबंद किटो पोई, म्हणजे कमी कर्बोदकांचा पाव, मिळाली. वर नेट कार्ब फक्त 3 ग्रॅम लिहिलंय. बाबांना शुगर आहे, रोज द्यावी का?'

रोज लगेच नको. आधी पाकीट उलटं करा. मी घेतलेल्या अशाच पाकिटावर 100 ग्रॅममागे कर्बोदकं 38, तंतू 22, म्हणजे तंतू वजा करून नेट 16. पाकिटाच्या दर्शनी बाजूचे 3 ग्रॅम मात्र 20 ग्रॅमच्या 'सर्व्हिंग'चे! काट्यावर अख्खी पोई भरली 64 ग्रॅम, म्हणजे साधारण 10 ग्रॅम नेट कार्ब. पोईचा तिसरा हिस्सा खाऊन कोण उठतं, सांगा.

मग घटक वाचा, ते वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. गव्हाचं ग्लुटेन पहिलं असेल तर हरकत नाही, ते प्रथिन. दुसऱ्या नंबरावर 'मॉडिफाइड स्टार्च' किंवा तशा स्टार्चचा नंबर आयएनएस 1412 दिसला, की मी थांबते. हा स्टार्च न पचणाऱ्या प्रकारचा असेल तर तंतूंत धरला जातो आणि वजा होतो. पण त्याच नंबराखाली पचणारा स्टार्चही येतो, लेबलवरून फरक कळत नाही. टॅपिओका किंवा मक्याचा साधा स्टार्च मात्र सरळ साखरच धरा.

स्टार्च ओळखायला आयोडीनचा थेंब टाकून बघण्यात अर्थ नाही. दोन्ही स्टार्च निळेकाळे होऊ शकतात. त्यापेक्षा बाबांना एकदा अर्धी पोई नुसत्या अंड्याबरोबर द्या, औषध नेहमीचंच. ग्लुकोमीटरवर खाण्याआधी, मग एक आणि दोन तासांनी बघा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नुसतं अंडं. दोन्ही दिवसांतला फरक मोठा आला, तर पाकिटावरचे 3 ग्रॅम विसरा.