मदत हवी आहे : फॉगर चालू असूनही गाई धापा टाकतात आणि फॅट घसरली आहे

आडवाट : माझ्याकडे चार संकरित होल्स्टीन गाई आणि दोन म्हशी आहेत. गोठ्यावर लोखंडी पत्रा असून त्याची उंची जेमतेम आठ फूट आहे, आणि गरम वारा आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी शेडनेट खालपर्यंत सोडले आहे. दुपारभर फॉगर चालू असतात, तरीही गाई तोंड उघडे ठेवून धापा टाकतात, लाळ गाळतात आणि संध्याकाळीही बसत नाहीत. दूध कमी झाले म्हणून मी खुराक वाढवला, पण फॅट ३.८ वरून ३.१ वर आली. पाणी सकाळी आणि संध्याकाळी पाजतो, सकाळचा खुराक दहा वाजता असतो. नेमके काय बदलावे?

नीलमोहर : फॉगर कमी पडत असतील, त्यांची संख्या वाढवा. शिवाय दुपारी पाठीवर ओले गोणपाट टाका, आमच्याकडे त्याने फरक पडतो.

दावण : गोणपाटाने फरक पडतो, पण तो वाऱ्यावर अवलंबून आहे. हवा खेळती असेल तर ओले गोणपाट उष्णता ओढून घेते. हवा कोंडलेली असेल तर तेच गोणपाट गाईच्या अंगाची वाफ अडवून धरते. फॉगर वाढवण्याच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. फॉगरचे बारीक तुषार गाईच्या अंगापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत विरतात आणि त्यामुळे कोरडी हवा थंड होते, परंतु तुमचा गोठा चारही बाजूंनी बंद असल्याने ती ओलसर हवा बाहेर जात नाही, आणि हवा दमट झाली की घामाने व श्वासाने बाहेर पडणारी उष्णता अडकून राहते. म्हणून आधी समोरासमोरच्या दोन बाजूंचे शेडनेट पूर्ण वर घ्या. ऊन थेट येणारी बाजू तेवढी झाकलेली असू द्या. फॉगरऐवजी जाड थेंबांचा स्प्रिंकलर एक-दोन मिनिटे चालवून कातडीपर्यंत अंग भिजवा, मग पाणी बंद करून दहा ते पंधरा मिनिटे पंखा लावा आणि पुन्हा तेच करा. पाणी ओघळून कासेवर येऊ लागले तर वेळ कमी करा, नाहीतर ओल्या, चिखलट जमिनीवर बसल्याने कासदाह होतो. पत्र्यावर पाचटाचा जाड थर टाकल्यास वरून येणारा ताप कमी होईल.

फरक पडतो की नाही हे अंदाजाने ठरवू नका. गाय शांत उभी असताना कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला साठच्या वर श्वास गेले तर ताण आहे, आणि ऐंशीच्या पुढे गेले तर तो गंभीर आहे.

रानवाटा : माझी गाय वारंवार उलटते आहे, तेही उन्हामुळेच का?

दावण : उन्हाने माज मंद होतो आणि गर्भ टिकण्याचे प्रमाणही घटते, पण उलटण्याची इतर कारणे पशुवैद्यांकडून तपासून घ्यावी लागतील. वेगळा धागा काढल्यास नीट बोलता येईल.

मूळ प्रश्नातल्या फॅटबद्दल सांगतो. रवंथ करताना गाय जी लाळ गिळते, ती पोटातले आम्ल मारते. उन्हात ती लाळ जमिनीवर गळते, गाय वैरण कमी खाते म्हणून रवंथही कमी होतो, आणि त्यात तुम्ही खुराक वाढवलात तर आम्ल आणखी वाढते आणि फॅट घसरते. त्यामुळे खुराक पूर्वीच्या प्रमाणावर आणा आणि तो तीन-चार वेळांत विभागून द्या. खाल्ल्यानंतर काही तासांनी पचनाची उष्णता सर्वाधिक होते, म्हणून दहा वाजताचा खुराक नेमका भर दुपारी तापतो. पहिला पहाटे द्या आणि वैरणीचा मोठा वाटा रात्री टाका. दुभत्या गाईला दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकातून विभागून चालतो, सुरुवात मात्र कमी मात्रेने करा. व्यायला आलेल्या गाईला सोडा देऊ नये.

पाणी दोन वेळा पाजणे पुरेसे नाही. ते दिवसरात्र समोर असावे, हौद सावलीत असावा, आणि नळी उन्हातून येत असेल तर तिच्यातले सुरुवातीचे तापलेले पाणी सोडून द्यावे.

आडवाट : आज दोन बाजू उघडल्या आणि स्प्रिंकलर बसवला. सर्वांत जास्त दूध देणाऱ्या गाईचे श्वास काल दुपारी ८८ होते, आज त्याच वेळी ६६ आले. फॅट अजून तशीच आहे. म्हशींनाही हेच करू का? शिवाय रात्री हवा दमट असते, तेव्हा पाणी मारावे का?

दावण : फॅटला वेळ लागेल, पोटातले बिघडलेले एका दिवसात सुधारत नाही. म्हशींची कातडी काळी आणि घर्मग्रंथी कमी, त्यामुळे त्यांना पाण्याची गरज गाईंपेक्षा जास्त असते. डुंबायला जागा असेल तर उत्तम, नसेल तर फवारा अधिक वेळा द्या. दमट रात्री मी पाणी बंद ठेवून फक्त पंखा लावतो.

नीलमोहर : माझा अनुभव वेगळा आहे. दमट रात्रीही अंग भिजवून पंखा लावला तर गाई लवकर बसतात, फक्त अंग वाळायला वेळ लागतो म्हणून दोन फवाऱ्यांमधले अंतर वाढवावे लागते.

दावण : पंखा जोरदार असेल तर ते शक्य आहे. आडवाट, आपण एक रात्र तसे आणि एक रात्र असे करून पहाटेचे श्वास मोजून इथे लिहाल का?