मदत हवी आहे: तैलचित्राचा फोटो मधे काळवंडतो, गडद भाग पांढुरके दिसतात

गेरूमाती
परवापर्यंत सहा चित्रांचे फोटो छपाईला द्यायचे आहेत आणि पहिल्याच चित्रावर अडलोय. कॉपी स्टँडवर कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे ४५ अंशांत, सगळं पुस्तकात असतं तसं. तरी फोटोत डाव्या-उजव्या कडा उजळ आणि मधला भाग दबलेला येतो. गडद जागांवर धुरकट पांढरा थर येतो, जो चित्रात अजिबात नाही. शिवाय निळा जांभळ्याकडे झुकतो. एक्स्पोजर बदलून पाहिलं, फरक नाही. काय चुकतंय?

रानजाई
लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर लावा आणि फिरवा, पांढरेपणा लगेच जाईल. काचेवरची, पाण्यावरची चकाकी जाते तशीच.

खडूपाटी
कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे? मोठ्या छपाईला ३०० डीपीआय लागतात, त्या हिशोबाने आधी बघा. आणि कॅमेरा चित्राला समांतर आहे का? फळीवर आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधे येईपर्यंत कॅमेरा कलता करा.

गेरूमाती
समांतर आहे, कडा सरळ येतात. मेगापिक्सेलचा प्रश्नच नाहीये. पोलरायझर लावून पाहिला, किंचित फरक पडला, बस.

भिंगरी
माहिती अपुरी आहे. चित्राचं माप किती? वॉर्निश आहे का, वर काच आहे का? दिवे कसले आणि चित्राच्या मध्यापासून किती लांब? दिव्यांचा रोख कुठे आहे? खोलीत दुसरा कुठला उजेड आहे? एवढं कळल्याशिवाय सांगितलेलं सगळं अंदाजपंचे होईल.

गेरूमाती
७० बाय ४५ सेंमी, कॅनव्हासवर तैलरंग, जाड फटकारे, वर चकचकीत वॉर्निश. काच नाही. एलईडी पॅनेल, सीआरआय ९५ लिहिलंय. दिवे स्टँडच्याच हातांवर आहेत: मध्यापासून बाजूला ७५ सेंमी आणि वर ७५ सेंमी. रोख मध्यावर. ५० मिमी मॅक्रो, एफ ८, आयएसओ १००, १/८ सेकंद. खिडकीला पडदा आहे.

भिंगरी
आता बोलता येईल. कडांचा प्रश्न आणि पांढुरक्या थराचा प्रश्न वेगळे आहेत, एका उपायाने दोन्ही जाणार नाहीत.

कडांचं आधी. दिवा मध्यापासून १०६ सेंमीवर आहे, पण जवळच्या कडेपासून फक्त ८५ वर आणि लांबच्या कडेपासून १३३ वर. अंतर वाढलं की प्रकाश त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, शिवाय लांबच्या कडेवर तो जास्त तिरका पोचतो. दोन्ही दिव्यांची बेरीज केली तर तुमच्या मांडणीत कडांना मध्यापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त प्रकाश मिळतो. दुसऱ्या बाजूचा दिवा ही तूट भरून काढतो असं आपण धरून चालतो, पण इतक्या जवळून तो पुरा पडत नाही.

चित्र काढून त्याच उंचीवर मॅट पांढरा कागद ठेवा, मध्य २०० च्या आसपास येईल असा फोटो घ्या आणि आयड्रॉपरने नऊ ठिकाणी आकडे बघा. नुसत्या नजरेने ठरवू नका, डोळा असा हळूहळू बदलणारा फरक सहज गिळून टाकतो.

गेरूमाती
मधे १९८. डावीकडे २१७, उजवीकडे २१६.

भिंगरी
हिशोब जुळला. दिवे हातांवरून काढून वेगळ्या स्टँडवर लावा. बाजूला १५० आणि वर १५० सेंमी, म्हणजे कोन तोच, अंतर दुप्पट. फरक २२ वरून सुमारे ६ टक्क्यांवर येईल. मग प्रत्येक दिव्याचा रोख मध्यावर न ठेवता समोरच्या कडेवर ठेवा. पॅनेलचा मुख्य झोत लांबच्या बाजूला गेला की जवळची कडा आपोआप थोडी दबते. प्रकाश चौपट कमी होईल, तेव्हा शटर १/८ ऐवजी १/२ सेकंद. दोन सेकंदांचा टायमर लावा.

सावलीशोध
एवढी उठाठेव कशाला? लाइटरूम क्लासिकमध्ये `Library > Flat-Field Correction` आहे. त्या पांढऱ्या कागदाचा फोटो घेतलाच आहे, तो चित्राच्या फोटोबरोबर निवडा, दोन मिनिटांत प्रकाश सारखा होतो. लेन्सचे कोपरे काळे पडत असतील तर तेही निघतात.

भिंगरी
ती सोय चांगली आहे आणि शेवटचे दोन-तीन टक्के काढायला मीही तीच सुचवेन. पण २२ टक्के तिच्यावर सोडू नका. कागद सपाट आहे, चित्र नाही. जवळच्या दिव्यामुळे कडेच्या फटकाऱ्यांच्या सावल्या मध्यापेक्षा वेगळ्या पडतात, त्या पांढऱ्या कागदात नोंदल्याच जात नाहीत.

सावलीशोध
सावल्यांचा मुद्दा मान्य. पण सहा चित्रं आणि परवाची मुदत असताना आधी जे हाताशी आहे ते वापरावं, हे माझं म्हणणं कायम आहे.

रानजाई
आणि पांढुरका थर? माझ्या मते दिव्यांवर मोठे सॉफ्टबॉक्स लावा. प्रकाश मऊ झाला की चकाकी मरते.

भिंगरी
पोर्ट्रेटमध्ये हे चालतं, इथे उलटं होतं. कॅनव्हास सपाट असता तर ४५ अंशांतल्या दिव्याचं प्रतिबिंब लेन्सपर्यंत आलंच नसतं. पण जाड फटकाऱ्याचा उतार असतो. मध्याजवळचा जो उतार दिव्याकडे साडेबावीस अंशांनी कललेला, तो दिवा थेट लेन्समध्ये दाखवतो. अशा शेकडो बारीक उतारांवरचे ठिपके मिळून गडद जागेवर धूर दिसतो. दिवा मोठा केला की त्याच्याकडे तोंड करणारे उतारही वाढतात. ठिपका मंद होतो, पण धूर जास्त जागेवर पसरतो.

लेन्सवरचा एकटा पोलरायझर का चालला नाही, तेही यातच आहे. चकाकी आपसूक ध्रुवित होते ती साधारण ५५ अंशांच्या आसपास परावर्तन झालं तर. पाण्यावर म्हणून जमतं. इथे प्रकाश त्या उतारावर साडेबावीस अंशांनी पडून परततो, तो फारसा ध्रुवित नसतोच. म्हणून दिव्यावरच पोलरायझिंग फिल्म लावून प्रकाश आधी ध्रुवित करावा लागतो. वॉर्निशच्या पृष्ठभागावरून तो तसाच परततो आणि लेन्सवरच्या पोलरायझरने अडतो. रंगाच्या आत शिरून आलेला प्रकाश ध्रुवण हरवून बसतो, त्यातला अर्धा आत येतो. आपल्याला तोच हवा आहे.

गेरूमाती
फिल्म मिळेल उद्या. लावायची कशी? आडवी की उभी?

भिंगरी
आडवी-उभी काहीही चालेल, दोन्ही दिव्यांवर अक्ष एकाच दिशेत हवा. चित्राशेजारी स्टीलचा छर्रा ठेवा. फक्त डावा दिवा लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये छर्रा मोठा करून बघा आणि छर्ऱ्यावरचा चमकता ठिपका जवळजवळ विझेपर्यंत लेन्सचा पोलरायझर फिरवा. मग त्याला हात न लावता डावा बंद, उजवा चालू. ठिपका परत आला तर उजव्या दिव्यावरची फिल्म फिरवा, लेन्स नाही. बहुतेकांचं इथेच बिनसतं: दोन्ही दिवे लावून लेन्स फिरवत बसतात आणि एक बाजू साफ, दुसरी धुरकट राहते.

एक्स्पोजर अडीच ते तीन स्टॉप वाढवावं लागेल, म्हणजे ३-४ सेकंद. फिल्मला स्वतःची हलकी छटा असते, त्यामुळे रंगतक्त्याचा फोटो फिल्म लावल्यानंतर परत घ्या. जुना व्हाइट बॅलन्स चालणार नाही.

कोनाडा
माझंही विचारतो. कॉपी स्टँडवर जुन्या निगेटिव्ह डिजिटल करतोय, खाली लाइट पॅनेल आहे. तिथेही ही फिल्म लावायची का?

भिंगरी
नाही, तुमचा प्रकाश निगेटिव्हमधून आरपार येतो. वेगळा धागा काढलात तर बरं.

गेरूमाती
दिवे लांब नेले, रोख समोरच्या कडेवर. कागदावर मधे १९८, कडा २०१. फिल्मही लागली, छर्ऱ्यावरचा ठिपका दोन्ही दिव्यांना विझतो. तरी वरच्या उजव्या कोपऱ्यात धूर आहेच! मग फिल्मचा उपयोग काय?

भिंगरी
दोन्ही दिवे बंद करा आणि त्याच सेटिंगवर, तेच ३-४ सेकंद, फोटो घ्या. पूर्ण काळा यायला हवा.

गेरूमाती
काळा नाही. चित्र ओळखू येतंय, कोपऱ्यात तर चमकतंय. पडद्याच्या फटीतून उजेड येतोय.

भिंगरी
सापडलं. दिवे दुप्पट लांब गेल्याने त्यांचा प्रकाश चौपट कमी झाला आणि फिल्मने आणखी सुमारे अडीचपट, म्हणजे एकूण दहापट. खिडकीचा उजेड मात्र होता तेवढाच राहिला. आधी जो नगण्य होता त्याचा वाटा दहापट वाढला, आणि तो ध्रुवित नसल्यामुळे त्याची चकाकी अडत नाही. रात्री फोटो घ्या किंवा फट काळ्या कापडाने बुजवा. स्टँडचा खांब चकचकीत असेल तर त्यालाही काळं कापड गुंडाळा.

सावलीशोध
एक इशारा. असा फोटो जास्तच गडद आणि गडद रंगात जास्तच भरलेला दिसतो, जाड फटकारे सपाट होतात. सोनेरी वर्ख असेल तर तो काळाच पडतो.

भिंगरी
बरोबर. लेन्सचा पोलरायझर १०-१५ अंश सोडून दुसरा फोटो घ्या, थोडी चकाकी परत येते. कोणता खरा, हे चित्र शेजारी ठेवून ठरवावं लागतं. चित्रकाराला फटकारे दिसायला हवे असतील तर मी दुसरा निवडेन.

गेरूमाती
रात्री घेतले. धूर गेला, गडद जागांतले तपशील दिसतायत, १२ अंश सोडलेला फोटो चित्राच्या जास्त जवळ वाटतो. निळा मात्र अजून जांभळट. रंगतक्त्यावरचा निळा बरोबर येतो, चित्रातलाच बिघडतो.

रानजाई
अल्ट्रामरीन किंवा कोबाल्ट असणार. हे निळे रंग वर्णपटाच्या लाल टोकाकडे परत प्रकाश परतवू लागतात. डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, सेन्सरचा लाल चॅनल टिपतो. लेन्सवर इन्फ्रारेड कट फिल्टर लावून बघा.

सावलीशोध
तत्त्व खरं आहे, पण पांढऱ्या एलईडीत त्या पट्ट्यातला प्रकाशच फार थोडा असतो. मला प्रोफाइलचा दोष वाटतो. रंगतक्त्यावरून स्वतःचं प्रोफाइल बनवा.

भिंगरी
तक्त्यावरचा निळा वेगळ्या रंगद्रव्याचा असतो, त्यामुळे त्याच्यावरून बनवलेलं प्रोफाइल या निळ्याला अर्धवटच सुधारेल. चित्रकाराकडून तीच ट्यूब मागून एका कागदावर पट्टा काढा आणि तक्त्याशेजारी ठेवून फोटो घ्या. फिल्टर लावून आणि न लावता. पट्ट्याचा लाल आकडा फिल्टरने खाली आला तर रानजाईंचं बरोबर. नाही आला तर फक्त निळ्याची छटा निवडून हाताने दुरुस्त करावी लागेल, सहाही चित्रांत तेवढीच.

गेरूमाती
ट्यूब सकाळी मिळेल. दोन्ही आकडे इथेच टाकतो.