शाळेची नवी वेबसाइट आणि मुख्याध्यापकांचं परिपत्रक: तुमचे अनुभव सांगा

खारेगावकर
काल भाचीने तिच्या मुलाच्या शाळेचं परिपत्रक पाठवलं, "मामा, हे जरा बघ ना" म्हणून. वर जावक क्रमांक, खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही, गोल शिक्का. मजकूर असा:

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, शाळेचे नवीन संकेतस्थळ कार्यान्वित होत आहे. यापुढे सूचना, गृहपाठ, गुणपत्रक व फी पावती संकेतस्थळावरच उपलब्ध होईल. युजर आयडी म्हणजे पाल्याचा जनरल रजिस्टर क्रमांक व पासवर्ड म्हणजे पाल्याची जन्मतारीख (DDMMYYYY). प्रथम लॉगिनच्या वेळी शाळेकडे नोंदविलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. कृपया कार्यालयात गर्दी करू नये."

शेवटचं वाक्य वाचलं आणि ऐरोलीची शाळा आठवली. मुली शाळेत होत्या तेव्हा जवळपास हाच कागद आला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपासून गेटपर्यंत रांग! निम्म्यांचं लॉगिन होतंय, निम्म्यांचं नाही. आमच्याच घरात मोठीचं एका फटक्यात झालं, धाकटीचं काही केल्या होईना. तोच फोन, तोच मोबाइल नंबर. खिडकीतून उत्तर ठरलेलं: "नेट स्लो असेल, संध्याकाळी बघा." पुढे कधीतरी आपोआप सुरू झालं, पण का अडलं होतं ते आजतागायत कळलं नाही. आता भाचीचंही तेच रडगाणं. तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा.

सई_घणसोली
गर्दी करू नये 😂😂 आमच्याकडे परिपत्रक फक्त वेबसाइटवर टाकलं होतं. वेबसाइटचा पत्ता त्या परिपत्रकात.

नौपाड्याचा_निन्या
सोप्पंय हो काका. जनरल रजिस्टर नंबरच्या पुढचे शून्य काढून टाका. प्रगतिपुस्तकावर 0457 असेल तर नुसतं 457 टाका. आमचं लगेच झालं. सगळ्यांचा प्रॉब्लेम हाच असतो, बाकी काही नसतं.

खारेगावकर
निनाददादा, भाचीच्या मुलाचा नंबर चार आकडीच आहे, पुढे शून्य नाही.

आईचा_डबा
नंबर पासवर्ड सगळं बरोबर होतं, ओटीपीच येईना. नंतर कळलं की प्रवेशाच्या वेळी ह्यांचा नंबर दिला होता आणि हे बोटीवर. मध्य समुद्रात कुठला ओटीपी!! शेवटी नंबर बदलायचा अर्ज दिला, सोबत माझ्या आधारची झेरॉक्स. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते

वाशीकर_पप्पा
आरटीईचा फॉर्म याच वेबसाइटवर भरायचा का? लिंक द्या प्लीज

सई_घणसोली
@वाशीकर नाही हो, तो शिक्षण विभागाच्या पोर्टलवर. इथे शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटचं चाललंय.

निवृत्त_लिपिक_कळवा
खारेगावकर, दोन्ही मुलींच्या जन्मतारखा सांगा. वर्ष नको, फक्त दिवस आणि महिना. आणि भाचीच्या मुलाचीही.

खारेगावकर
मोठी 23 नोव्हेंबर, धाकटी 4 सप्टेंबर. नातू 5 ऑगस्ट. पत्रिका बघताय की काय? 😀

निवृत्त_लिपिक_कळवा
पत्रिकाच समजा. मी अनुदानित शाळेच्या ऑफिसात बसून हेच निस्तरलंय.

वेबसाइट बनवणारा माणूस शाळेकडे मुलांची यादी मागतो. लिपिक ती एक्सेलमध्ये देतो. रजिस्टरवरून टाइप केलेलं असतं 05/08/2016, म्हणजे 5 ऑगस्ट. ऑफिसातल्या कॉम्प्युटरची तारीख बऱ्याचदा अमेरिकी पद्धतीवर राहिलेली असते, आधी महिना मग दिवस. तो बिचारा 05/08 म्हणजे 8 मे समजतो. कुठेही चूक दाखवत नाही, कारण 8 मे हीसुद्धा खरीच तारीख आहे.

आता 23/11 घ्या. तेविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेल तिला तारीख मानतच नाही, साधी अक्षरं म्हणून जशीच्या तशी सोडून देतं. ती पुढे वेबसाइटवर बरोबर वाचली जाते. थोडक्यात, 12 तारखेनंतर जन्मलेली मुलं सुटली आणि 1 ते 12 मधली अडकली. तुमची मोठी सुटली, धाकटी अडकली. लिपिकाने यादी नीट पाहिली तर डोळ्यांनीच कळतं: त्याच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या दिसतात, काही डावीकडे. उजवीकडच्या संशयित.

भाचीला सांगा, पासवर्डात दिवस आणि महिना उलटा टाकून बघ. 05082016 ऐवजी 08052016. पण सारखं सारखं नको, बऱ्याच वेबसाइट चुकीचे पासवर्ड टाकत राहिलं की खातं कुलूपबंद करतात.

निनाद म्हणतात ते शून्याचंही खरं आहे, तेही एक्सेलचंच काम. पुढचे शून्य गिळतं. पण ते वेगळं दुखणं.

नौपाड्याचा_निन्या
काका तुमची थिअरी चुकतेय. माझ्या मुलीचा वाढदिवस 9 सप्टेंबर. 12 च्या आतला. तरी झालं ना लॉगिन.

निवृत्त_लिपिक_कळवा
9 सप्टेंबर म्हणजे 09/09. उलटं करा बरं.

नौपाड्याचा_निन्या
🙏🏽

मिसळपाव_वर्तकनगर
आमच्या शाळेच्या नोटिसा मोबाइलवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मराठी कुठेच नाही. ऑफिसात मात्र झकास दिसायच्या!! नवऱ्याने सांगितलं की जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करून तसंच वेबसाइटवर चिकटवलंय, तो फाँट आपल्या फोनमध्ये नाही. सहामाहीचं वेळापत्रक त्या चिवड्यातून शोधून काढलंय मी

सई_घणसोली
मग काय केलं त्यांनी?

मिसळपाव_वर्तकनगर
कागदाची प्रिंट काढून तिचा फोटो टाकायला लागले. बाईंना विचारलं, युनिकोडमध्ये का नाही टाइप करत? तर म्हणे आमच्या लिपिकांचा हात त्याच कीबोर्डवर बसलाय. खरंही आहे ते, माणूस वीस-पंचवीस वर्षं एकाच पद्धतीने टाइप करतो. पण फोटो आमच्या सासूबाईंना मोठा करून वाचता येत नाही.

घोडबंदरची_मानसी
अहो लिपिककाका!!! आमचं पण अडलं होतं. लेकाचा 2 नोव्हेंबर. आत्ता उलटं टाकलं आणि उघडलं. ओटीपी आला, सगळं दिसतंय. आत प्रोफाइलमध्ये जन्मतारीख 11 फेब्रुवारी दाखवतंय. चालतंय ना? लॉगिन होतंय तर आता कशाला ऑफिसच्या पायऱ्या झिजवू, सुट्टी टाकावी लागते मला

निवृत्त_लिपिक_कळवा
नाही ताई, सोडू नका. आज फक्त लॉगिन आहे. उद्या शाळा बोनाफाईड, गुणपत्रक, दाखला त्याच यादीतून छापायला लागली की 11 फेब्रुवारी कागदावर उतरेल. मग पासपोर्टच्या वेळी जन्मदाखला एक सांगतो, शाळेचा कागद दुसरं.

आणि अर्ज लिहिताना विषय नीट लिहा. "जन्मतारीख बदलणेबाबत" असं अजिबात लिहू नका. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख शाळेला आपल्या मनाने बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमचा अर्ज त्या गठ्ठ्यात गेला की बसला. तुमच्या रजिस्टरात सगळं ठीक आहे, बिघडलंय ते वेबसाइटवर. म्हणून विषय: "संकेतस्थळावरील जन्मतारीख जनरल रजिस्टरप्रमाणे दुरुस्त करणेबाबत". सोबत जन्मदाखल्याची प्रत आणि प्रोफाइलच्या पानाचा स्क्रीनशॉट. आधी लिपिकाला रजिस्टरचं पान उघडून बघायला सांगा. एका प्रतीवर पोच घ्या.

घोडबंदरची_मानसी
बाप रे. बरं, शनिवारी जाते. माझ्या एकटीचं दुरुस्त करून भागेल का पण? वर्गात अजून असतील की.

निवृत्त_लिपिक_कळवा
असणारच. एकेक दुरुस्त करत बसले तर काही जण राहतात, आणि यादी पुन्हा चढवली की दुरुस्त केलेलीही परत बिघडतात. मूळ यादीत तारखेचा रकाना आधी टेक्स्ट करून, तारखा रजिस्टरवरून पुन्हा टाइप करून, ताडून, सगळी यादी एकदाच नव्याने चढवायची. पालक संघातर्फे हे मुख्याध्यापिकांना सांगा. लिपिकावर ओरडू नका, त्याच्याकडे पोषण आहारापासून सरलपर्यंत सगळं असतं.

आईचा_डबा
आले परत. भाजी लागली 😩 मला एक सांगा, जन्मतारीख पासवर्ड ठेवणं बरोबर आहे का? आमच्या चिरंजीवांनी मित्राच्या खात्यात जाऊन त्याचे गणिताचे मार्क बघितले. विचारलं कसं रे, तर म्हणे "आई, त्याने चॉकलेटं वाटली ना त्या दिवशी." वर्ष तर सगळ्यांचं जवळपास सारखंच. आणि प्रवेश एकाच दिवशी घेतलेला, रजिस्टर नंबर लागोपाठ.

सई_घणसोली
😂😂😂 चॉकलेटं वाटली की पासवर्ड फुटला

नौपाड्याचा_निन्या
पण ओटीपी असतो की. आत जाताच येणार नाही.

आईचा_डबा
ओटीपी फक्त पहिल्यांदा. परिपत्रकात पण तेच लिहिलंय बघा. नंतर नुसता पासवर्ड. आणि पासवर्ड बदला असं एका ओळीत कुठेही लिहिलेलं नाही.

खारेगावकर
खरंच की. भाचीच्या परिपत्रकातही तसं काही नाही. तिला सांगतो, आत गेलीस की आधी पासवर्ड बदल.

ऐरोली_सेक्टर_नऊ
थोडं वेगळं लिहितेय. आमचं प्रकरण कोर्टात आहे, मुलगी माझ्याकडे असते. शाळेत नंबर तिच्या वडिलांचा. ओटीपी त्यांना जातो, ते सांगत नाहीत. ऑफिसात म्हणाले, नंबर बदलायचा तर ज्यांचा आहे त्यांची सही आणा. गुणपत्रक मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळतं.

निवृत्त_लिपिक_कळवा
ताई, नंबर बदला म्हणू नका, आईचा दुसरा नंबर जोडा म्हणून अर्ज द्या, थेट मुख्याध्यापकांच्या नावे. ताब्याबाबत कोर्टाचा आदेश असेल तर प्रत जोडा. वेबसाइटवर दोन नंबरांची सोय असेलच असं नाही, ती बनवणाऱ्याला विचारावी लागेल. तोवर गुणपत्रकाची छापील प्रत मागा.

ऐरोली_सेक्टर_नऊ
आदेश अजून झालेला नाही. अर्ज देऊन बघते.

घोडबंदरची_मानसी
@ऐरोली तुम्हाला मेसेज केलाय. माझी बहीण वकील आहे, ठाणे कोर्टात असते.

वाशीकर_पप्पा
आरटीईची तारीख गेली का?

मिसळपाव_वर्तकनगर
पप्पा, शिक्षण विभागाच्या पोर्टलवर बघा हो, सईने सांगितलंय वर

खारेगावकर
भाचीचा फोन आला. 08052016 ला उघडलं! आता म्हणतेय फी भरायच्या पानावर नातवाच्या नावापुढे "मुलगी" लिहिलंय. लिपिककाका, हे कुठलं दुखणं?

निवृत्त_लिपिक_कळवा
ते एक्सेलचं नाही, ते आमच्या माणसाचं. त्याच अर्जात लिहून टाका.