खडीसाखर: दोरे कोरेच राहतात, तळाशी भुगा बसतो. मदत हवी आहे

वैशाली_खानापूर
तातडीने मदत हवी आहे. मी खानापुरात घरीच दोऱ्याची खडीसाखर करते आणि सौंदत्तीच्या यात्रेत प्रसादाची दुकानं लावणाऱ्यांना देते. दिवाळीपर्यंत माल छान उतरत होता. आता दोरे कोरेच निघतात आणि रात्रीतून पाक गढूळ होऊन तळाशी रव्यासारखा भुगा बसतो. साखर बदलून बघितली, बरण्या बदलून बघितल्या. मार्गशीर्ष पौर्णिमेआधी माल पोचवायचा आहे, म्हणून माहीत असेल त्यांनीच सांगा.

अथणीकर
पाण्याला साखर किती घेता? दोऱ्याला आधी साखर लावता की कोराच सोडता? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

निपाणीची_सुगरण
पाकात अर्धं लिंबू पिळा. माझा गुलाबजामचा पाक वर्षानुवर्षं कधी साखरला नाही.

पॅनमन_निवृत्त
अक्का, तुम्हाला पाक साखरायला नको असतोय, त्यांना साखरायलाच हवाय. आंबट पडलं की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतीय आणि खडा धरत नाही. लिंबू अजिबात नको.

वैशाली_खानापूर
एक किलो पाण्याला तीन किलो साखर. झाकण ठेवून उकळते, साखर पूर्ण विरघळली की बंद. दोऱ्याला साखर लावून वाळवतेच, ते कोण करत नाही? पाक बरणीत ओतायचा, दोरे सोडायचे, वर फडकं बांधायचं, पडवीत ठेवायचं. सकाळी बघते तर भुगा.

एमएससी_संकेश्वर
हा सरळ क्रांतिक त्रिज्येचा प्रश्न आहे. ठरावीक आकारापेक्षा लहान कण द्रावणात टिकत नाही, विरघळून जातो. त्याहून मोठा असेल तरच वाढतो. तुमच्या दोऱ्यावरची साखर बारीक असणार. जाड दाण्याची लावा, काम होईल.

टिळकवाडीचे_सर
तत्त्व बरोबर आहे, पण तो आकार किती हे बघायला हवं. साखरेच्या एका रेणूला स्फटिकात सुमारे 0.36 घन नॅनोमीटर जागा लागते. स्फटिक आणि पाक यांच्यामधली पृष्ठऊर्जा चौरस मीटरला 5 मिलिज्यूल धरू, हा माझा अंदाज आहे. 50 अंशांवर पाकात मावते त्याच्या 1.1 पट साखर असेल, तर क्रांतिक त्रिज्या सुमारे 8 नॅनोमीटर येते. 1.3 पट असेल तर 3 नॅनोमीटर. दुकानातल्या साखरेचा बारीकात बारीक दाणाही याच्या हजारो पट मोठा असतो. त्यामुळे दाणा लहान म्हणून विरघळला, असं म्हणता येणार नाही.

वैशालीताई, दोरे सोडता तेव्हा पाक किती गरम असतो?

वैशाली_खानापूर
उकळता म्हटलं ना. पूर्वी जेवणं उरकून, मागचं आवरून मग सोडायची. आता ऑर्डर मोठी आहे, एवढा वेळ कुठला?

टिळकवाडीचे_सर
मग दोरे कोरे का निघतात ते इथेच कळलं. 80 अंशांना एक किलो पाण्यात साडेतीन किलोच्या वर साखर मावते, तुम्ही तीन घातली आहे. म्हणजे तो पाक अजून भुकेला आहे. त्यात जाड दाणा लावा नाहीतर मुठीएवढा खडा टाका, तो खाणारच. तुमचा पाक संपृक्त होतो साधारण 63 अंशांच्या आसपास, आणि तोपर्यंत दोऱ्यावर काही उरलेलं नसतं.

भुगा ही पुढची गोष्ट. 50 अंशांवर तुमचा पाक 1.15 पट भरतो, 40 वर 1.27 आणि 30 वर जवळजवळ 1.4. वाढायला आधीचा स्फटिक नाही, म्हणून जास्तीची साखर पाकातच अडकून राहते. नवा स्फटिक जन्मायला काही रेणू योगायोगाने एकत्र येऊन क्रांतिक आकार ओलांडावा लागतो आणि तोवर ऊर्जा खर्चच होत असते. हा ऊर्जेचा चढ माझ्या हिशेबाने 1.1 ला kT च्या, म्हणजे त्या तापमानाला रेणूकडे असलेल्या उष्णतेच्या ऊर्जेच्या, 330 पट आहे, 1.2 ला 90 पट आणि 1.3 ला 44 पट. 90 चा 44 झाला म्हणजे शक्यता दुप्पट झाली असं नाही. ती एकावर वीस शून्यं इतक्या पटीने वाढते. म्हणून पाक बराच वेळ नितळ दिसतो आणि मग सगळीकडे एकदमच बिया पडतात. लाखो कणांत साखर वाटली गेली की कोणीच मोठा होत नाही.

एमएससी_संकेश्वर
सर, 5 च्या जागी 7 धरा. चढ पृष्ठऊर्जेच्या घनावर जातो, म्हणजे पावणेतीन पट होईल. मग 1.3 ला भुगा पडायलाच नको!

टिळकवाडीचे_सर
शुद्ध पाकाचं गणित असेल तर मान्य. पण बरणीचा ओरखडा, धूळ, दोऱ्याचे तंतू हे सगळे चढ कमी करतात. किती कमी करतात ते मला इथे बसून काढता येणार नाही.

पॅनमन_निवृत्त
कारखान्यात आम्ही बी आपोआप पडायची वाट कधी बघत न्हवतो. साखर अल्कोहोलमध्ये दळून स्लरी करायची आणि पाक 1.1 ते 1.2 च्या मधे आला की पॅनमध्ये ओढायची. 1.2 पर्यंत असलेला दाणा वाढतोय, नवा येत नाही. त्याच्या वर गेला की असलेल्या दाण्यांच्या संगतीनं नवे दाणे येऊलालेत बघा, त्याला आम्ही फॉल्स ग्रेन म्हणायचो. 1.3 च्या वर तर बी नसलं तरी पडतोय.

वैशालीताई, थर्मामीटर घ्या. पाक 60 वर आला की दोरे सोडा, त्याच्या आधी नको. दोरा आधी झटकून घ्या, सुटे दाणे खाली पडले की तळाला वेगळी साखर वाढतीय. बरणीच्या कडेला चिकटलेला पाक ओल्या फडक्यानं पुसा, तो वाळून आत पडला तरी तेच. मग बरणी भाताच्या तुसात पुरून वर घोंगडं टाका. पहिला दिवस 50 च्या खाली जाऊ देऊ नका. दोऱ्यावर साखर बसेल तसा पाक उतरतोय, मग हळूहळू गार केला तरी चालतंय.

अथणीकर
पण भुगा कडेच्या साखरेमुळे पडला की गारठ्यामुळे, हे त्यांना कसं कळणार?

पॅनमन_निवृत्त
बोटावर घेऊन बघायचं. सगळा एकसारखा बारीक असला तर एका वेळी पडलेला, म्हणजे गारठा. लहान-मोठा मिसळ असला तर वरनं पडत राहिलाय.

गुऱ्हाळ_चिकोडी
आमचा गूळ यंदा धरत नाही. पावसात ऊस लोळलेला. भेंडीचं पाणी जास्त घातलं तर चालेल का?

पॅनमन_निवृत्त
भेंडीनं मळी निघतीय, दाणा येत नाही. लोळलेल्या उसात साखर आधीच फुटलेली असतीय. वेगळा धागा काढा, इथं त्यांचं काम अडलंय.

वैशाली_खानापूर
भुगा एकसारखाच आहे, अगदी बारीक रवा. आज 60 ला दोरे सोडले आणि बरण्या तुसात पुरल्या. सगळ्यांचे आभार, पण साचलेल्या भुग्याचं काय करू? पाणी घालून पुन्हा उकळला तर चालेल?

टिळकवाडीचे_सर
चालेल, एकही कण न उरेपर्यंत विरघळवा. एक जरी राहिला तरी गार होताना तोच वाढणार.

पॅनमन_निवृत्त
एकदा चालतंय. तोच पाक परत परत उकळला की पिवळा पडतोय आणि साखर फुटून खडा धरायला कुरकुरतोय. त्यापेक्षा निम्मा भुगा, निम्मी नवी साखर घ्या.

एमएससी_संकेश्वर
निम्मा का? पाव घेतला तर?

पॅनमन_निवृत्त
पावबी चालतोय.