हरवलेल्या प्राण्याचे पोस्टर चालत्या स्कूटरवरून वाचता यावे म्हणून काय केलेत?

मोतीची ताई: काल पौड रस्त्यावर खांबावर एका हरवलेल्या कुत्र्याचे पोस्टर दिसले, पण स्कूटर थांबवून मागे गेल्यावरच त्यावरचा क्रमांक वाचता आला. आमचा तांबूस मोती हरवला तेव्हा मीही ए-फोर कागदावर दहा ओळींची माहिती लिहून अगदी तळाशी क्रमांक दिला होता. चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी त्याच पोस्टरसमोरून स्कूटरवरून गेले, तर मला माझाच क्रमांक दिसला नाही. आपले अनुभव लिहावेत.

फलक रंगवणारा: ताशी ३० किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला आठ मीटर पुढे जाते, म्हणजे वीस मीटरवरून अक्षर दिसू लागले तरी वाचायला जेमतेम अडीच सेकंद मिळतात. ए-थ्री कागद आडवा धरून दहा आकडे एका ओळीत बसवले, तर आकड्याची उंची पाच सेंटिमीटरच्या आसपास राहते. तेच पाच-पाच करून दोन ओळींत लिहिले, तर ती दुप्पट होते. म्हणून एक पूर्ण कागद क्रमांकाला द्यावा आणि त्याच्या वर दुसरा चिकटवून त्यावर फोटो आणि ‘कुत्रा हरवला’ एवढेच शब्द ठेवावेत. आकडे इंग्रजीच असावेत, कारण देवनागरीतले १ आणि ९ लांबून सारखे भासतात.

बाणेरकर: फोटो मात्र चेहऱ्याचा, अगदी जवळून काढलेला हवा. कुत्रा डोळ्यांवरून ओळखू येतो.

फलक रंगवणारा: समोर उभे राहून पाहणाऱ्याला ते पटेल, पण रस्त्यावरून आधी अंगाचा रंग, कान आणि शेपटी दिसते. उभ्या कुत्र्याचा बाजूने काढलेला फोटो घ्यावा आणि मागचा सोफा, चादर सगळे कापून तिथे पांढरे ठेवावे. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तांबूस कुत्रा काळा दिसतो, त्यामुळे फोटो रंगीतच छापावा.

मनीची आई: आमची मांजर हरवली तेव्हा चौकाचौकांत पोस्टरे लावली आणि ती शेजारच्या इमारतीत जिन्याखाली सापडली. घरातली मांजर बहुधा जवळच लपून बसते, तेव्हा स्कूटरवाल्यांपेक्षा शेजारची दारे वाजवावीत, असे मला वाटते.

बाणेरकर: बक्षिसाची रक्कम लिहावी का?

मनीची आई: आम्ही लिहिली, तर पैसे आधी मागणारे फोन आले. एक खूण पोस्टरवर न देता आपल्यापाशी ठेवावी, म्हणजे खोटा माणूस ओळखता येतो.

फलक रंगवणारा: माझ्या मते ‘बक्षीस’ हा शब्द असावा, रक्कम नसावी. पावसाळ्यात इंकजेटची शाई ओघळते, लेझरची टिकते. जागा गतिरोधकाजवळची, रस्त्याच्या डाव्या बाजूची निवडावी आणि दुकानदाराला विचारून लावावे. खांबावरचे पोस्टर पालिकेचे लोक काढून टाकतात.

मोतीची ताई: आम्हीही शेवटी क्रमांक दोन ओळींत केला आणि पोस्टर दूध केंद्राच्या शटरशेजारी लावले. फोन करणारे काका रोज पहाटे तिथून जात. त्यांनी पहिल्या दिवशी वरचे पाच आकडे पाठ केले होते आणि दुसऱ्या दिवशी खालचे. मोती त्यांच्या गोठ्यात निजला होता.