मदत हवी आहे: पगारी ट्रायलनंतर वर्कशॉपच्या मालकांना काय लिहावे?

लेथवाला_भांडुप:

मी पारंपरिक लेथवर काम करणारा टर्नर आहे. गेल्या आठवड्यात साकीनाक्याच्या एका गाळ्यात मालकांनी मला एक दिवसाच्या ट्रायलसाठी बोलावले होते. दिवसाचे ठरलेले पैसे संध्याकाळी रोख दिले आणि "कळवतो" म्हणाले. त्यानंतर काही निरोप नाही, म्हणून मला व्हॉट्सअॅपवर एक नीट संदेश पाठवायचा आहे. त्यात काय लिहावे आणि काय टाळावे, याबद्दल सल्ला हवा आहे.

काम असे होते. ईएन8 चा 420 मिमी लांब शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून त्याचा 350 मिमीचा भाग 32 मिमी व्यासाला आणायचा होता, आणि ड्रॉइंगवर उणे 0.025 मिमीपर्यंतची सूट होती. या भागावरून बुश सरकतो, त्यामुळे व्यास सगळीकडे एकसारखा हवा. पहिला हलका कट घेऊन मायक्रोमीटर लावला, तेव्हा टेलस्टॉकच्या टोकाला व्यास 0.04 मिमी जास्त भरला. मी शेठना दाखवले, तेव्हा "तुला योग्य वाटेल ते कर" असे म्हणून ते माल पोहोचवायला निघून गेले. टेलस्टॉकला डायल लावून मी तो 0.02 मिमी माझ्या बाजूला सरकवला. पुढच्या कटला फरक 0.007 मिमी राहिला आणि चारही शाफ्ट मापात निघाले.

अडचण अशी की त्या लेथवर एक जुने टर्नर रोज काम करतात आणि त्या दिवशी ते रजेवर होते. संदेशात टेलस्टॉकचा उल्लेख केला, तर मी त्यांची तक्रार करतो आहे असे वाटेल का? आणि पगाराचा आकडा आधी मी लिहावा का?

---

वसईकर:

पैसे मिळाले नसतील तर आधी लेखी मागणी करा. ट्रायलच्या नावाखाली दिवसभर राबवून घेणारे पुष्कळ आहेत. माझ्या मेहुण्याला पीओपीच्या कामाचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

लेथवाला_भांडुप:

वसईकर, पैसे त्याच संध्याकाळी मिळाले आहेत. प्रश्न पुढच्या संदेशाचा आहे.

---

नटबोल्ट:

टेलस्टॉकचे अवश्य लिहा, पण तुमचा हिशेब चुकलेला दिसतो. फरक 0.04 असेल तर टेलस्टॉकही 0.04 सरकवायला हवा होता. म्हणूनच 0.007 उरले.

---

जुना_फिटर:

नटबोल्ट, दिशा तुम्ही बरोबर धरली आहे, पण 0.04 हा व्यासातला फरक आहे. सेंटर एका बाजूला जितके सरकते त्याच्या दुप्पट व्यासात दिसते, म्हणून निम्मे, म्हणजे 0.02, हा हिशेब बरोबर आहे. थोडे उरले याचे कारण वेगळे आहे. माप 350 मिमीवर घेतले आणि सेंटरमधले अंतर 420 मिमी होते, म्हणून त्याच प्रमाणात सरकवणेही वाढते आणि ते 0.024 च्या आसपास येते. 0.007 हा फरक 0.025 च्या सुटीत आरामात बसतो, तेव्हा तिथे थांबणे शहाणपणाचेच होते.

लेथवाला, मला एक गोष्ट विचारायची आहे, कारण शेठही तीच विचारतील. शाफ्टच्या मध्यावर व्यास किती होता? दोन्ही टोकांच्या बरोबर मधला असेल तर दोष टेलस्टॉकचा. मध्य दोन्ही टोकांपेक्षा जाड असता तर टूलच्या दाबाने शाफ्ट वाकत होता असे समजावे लागले असते, आणि मग टेलस्टॉक कितीही हलवून उपयोग नव्हता.

आता संदेशाकडे येतो. टेलस्टॉकचे लिहायलाच हवे, आणि ते स्वतःची हुशारी दाखवण्यासाठी नव्हे. जुन्या टर्नरनी एखाद्या टेपरच्या जॉबसाठी तो मुद्दाम बाजूला ठेवलेला असू शकतो. रजेवरून येऊन त्यांनी तोच जॉब लावला आणि टेपर आला नाही, तर दोष नव्या माणसावरच जाईल. म्हणून "काय हलवले, किती हलवले, कोणत्या बाजूला हलवले" एवढेच लिहावे. "मशीन बिघडलेली होती" हे शब्द टाळावेत.

---

लेथवाला_भांडुप:

मध्यावर व्यास बरोबर निम्म्या फरकाने होता, तीन ठिकाणी मोजले होते. जॉब गार झाल्यावरच शेवटचे माप घेतले.

---

जुना_फिटर:

गार झाल्यावर मोजले हे अवश्य लिहा. 32 मिमीचा स्टीलचा शाफ्ट खोलीच्या तापमानापेक्षा 25 अंश गरम असेल तर व्यास जवळपास 0.009 मिमी जास्त दिसतो, म्हणजे तुमच्या सुटीचा तिसरा हिस्सा तिथेच जातो. गरम जॉब मोजून देणारे टर्नर शेठना रोज भेटत असतील.

---

अंजली_क:

माझा लहानसा प्रेस शॉप आहे, म्हणून मालकाच्या बाजूने लिहिते. "कळवतो" म्हणून न कळवणे हा बऱ्याचदा नकार नसतो. पहिली बॅच ग्राहकाकडे बसते का, याची आम्ही वाट पाहत असतो. त्यामुळे "माझे काय ठरले" यापेक्षा "शाफ्टवर बुश नीट सरकला का" हे विचारलेले आम्हाला बरे वाटते, आणि उत्तरही सहज देता येते. पगाराचा आकडा मात्र पहिल्याच संदेशात द्यावा. दोघांच्या अपेक्षा जुळत नसतील तर दोघांचाही वेळ वाचतो.

---

जुना_फिटर:

आकड्याबद्दल मी सहमत नाही. लेखी आकडा गेला की तीच कमाल मर्यादा होते, आणि ओटीचा दर विचारायचा राहूनच जातो. ते समोरासमोर बोलावे.

---

लेथवाला_भांडुप:

दोघांचेही पटते, पण आकडा या वेळी लिहिलेला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत हा संदेश पाठवला:

"नमस्कार शेठ. ट्रायलच्या दिवशी दिलेल्या संधीबद्दल आभार. चारही शाफ्ट गार झाल्यावर दोन्ही टोकांना आणि मध्यावर मोजले होते, सर्व सुटीत आहेत. सरळ टर्निंगसाठी टेलस्टॉक 0.02 मिमी पुढे, ऑपरेटरच्या बाजूला घेतला आहे. काकांच्या टेपरच्या जॉबसाठी तो आधी मुद्दाम ठेवलेला असेल तर कृपया त्यांना सांगावे. बुश सरकण्यात काही अडचण आली का, ते कळवावे. सध्याच्या ठिकाणी महिना संपेपर्यंत मला काम करावे लागेल, त्यानंतर मी रुजू होऊ शकतो. पगार आणि ओटीबद्दल आपल्या सोयीने भेटून बोलू."

---

अंजली_क:

संदेश चांगला झाला आहे. मला मिळाला असता तर मी त्याच दिवशी फोन केला असता.

---

लेथवाला_भांडुप:

संध्याकाळी शेठचे उत्तर आले. बुश व्यवस्थित सरकतो, आणि काकांनी टेलस्टॉक खरोखरच टेपरसाठी ठेवलेला होता, तो त्यांनी पुन्हा लावून घेतला. शेठ म्हणतात, रविवारी दोन तास येऊन चकच्या जबड्यांचे तेवढे बघून जा, मग बोलू. या दोन तासांचे पैसे मागावेत का?

---

नटबोल्ट:

दोन तासांसाठी कसले मागता, जाऊन या.

---

जुना_फिटर:

नुसते बघायचे असेल तर जा आणि पगाराचे बोलणे तिथेच करून घ्या. जबडे घासून चक सरळ करून द्यायचा असेल तर ते काम झाले, आणि त्याचे पैसे निघण्यापूर्वी फोनवरच ठरवा. बोलावणे नेमके कशाचे आहे, एवढे आज विचारून घ्या.